डिटर्मिनंट शून्यच का? आयगेनव्हॅल्यूचा हिशोब दोन स्टँडच्या स्कूटरवरून

प्रश्न: सर, दोन बाय दोन मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू काढायच्या म्हणजे det(A − λI) = ० लिहायचं, हे पाठ आहे. पण डिटर्मिनंट शून्यच का घ्यायचा? आणि λ घालून आयगेनव्हेक्टर काढायला गेलं की दोन्ही समीकरणं एकसारखीच येतात. तिथे मी दर वेळी अडखळते. माझं काय चुकतं? (बीएस्सी दुसरं वर्ष, फोंडा)

उत्तर:

तुझं काहीच चुकत नाही. दोन्ही समीकरणं एकसारखी यावीत म्हणूनच तर आपण डिटर्मिनंट शून्य घेतो. तुझे दोन प्रश्न म्हणजे एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत. हे कसं, ते पटायला थोडं मागून यावं लागेल. म्हणून डिटर्मिनंट घटकाभर बाजूला ठेव आणि माझ्याबरोबर स्कूटर मोज.

काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या स्कूटर आपल्याकडे रस्तोरस्ती दिसतात. समज, एका माणसाचे असे दोन स्टँड आहेत, एक पणजीला आणि एक म्हापशाला. दोन्हीकडे मिळून १०० स्कूटर. गिऱ्हाइकाने स्कूटर कुठूनही घ्यावी आणि संध्याकाळी कुठल्याही स्टँडवर परत द्यावी, अशी सोय त्याने ठेवली आहे. पणजीहून सकाळी निघालेल्या स्कूटरपैकी ८० टक्के पणजीलाच परत येतात, २० टक्के म्हापशाला राहतात. म्हापशाहून निघालेल्यांपैकी ७० टक्के म्हापशाला परत येतात, ३० टक्के पणजीला पोचतात. हे आकडे मी हिशोब सोपा जावा म्हणून ठरवलेत. खऱ्या धंद्यात डिसेंबरचं आणि जुलैचं प्रमाण एक नसणार.

आज सकाळी पणजीला x आणि म्हापशाला y स्कूटर असतील, तर उद्या सकाळी किती असतील?

```
पणजी   = ०.८ x + ०.३ y
म्हापसा = ०.२ x + ०.७ y

A = [ ०.८  ०.३ ]
    [ ०.२  ०.७ ]
```

पहिला कॉलम पणजीच्या स्कूटर कुठे कुठे गेल्या ते सांगतो, दुसरा कॉलम म्हापशाच्या. ही गोष्ट लक्षात असू दे, पुढे लागणार आहे.

आता पहिल्या दिवशी सगळ्या १०० स्कूटर पणजीला ठेवू आणि रोज A ने गुणत जाऊ.

```
दिवस    पणजी    म्हापसा
०       १००       ०
१        ८०      २०
२        ७०      ३०
३        ६५      ३५
४        ६२.५    ३७.५
```

साडेबासष्ट स्कूटर म्हणजे सरासरी, एवढंच. हा तक्ता वहीत स्वतः करून बघ आणि पणजीच्या रकान्याकडे जरा वेळ टक लावून पाहा. आकडा ६० कडे सरकतो आहे. ६० पेक्षा किती जास्त आहे ते लिहिलं तर ४०, २०, १०, ५, २.५ असं येतं. दर दिवशी बरोबर अर्धं. उलट बाजूने सुरुवात करून बघ, म्हणजे सगळ्या स्कूटर म्हापशाला ठेव. पणजीचे आकडे ०, ३०, ४५, ५२.५ असे येतील. ६० ला कमी पडणारा आकडा ६०, ३०, १५, ७.५. पुन्हा दर दिवशी अर्धा.

आणि सुरुवातच पणजीला ६०, म्हापशाला ४० अशी केली तर? ०.८ × ६० + ०.३ × ४० = ४८ + १२ = ६०. काहीच हलत नाही. स्कूटर रोज इकडच्या तिकडे होतात, पण संख्या जागच्या जागी.

म्हणजे वरवर बघता ही मॅट्रिक्स सगळं ढवळून टाकते, पण आत ती दोनच साधी कामं करते. (६०, ४०) ला ती १ ने गुणते. आणि (४०, −४०) ला, म्हणजे ‘पणजीला चाळीस जास्त, म्हापशाला तेवढ्याच कमी’ या फरकाला, ती ०.५ ने गुणते. पडताळून बघ: ०.८ × ४० − ०.३ × ४० = २० आणि ०.२ × ४० − ०.७ × ४० = −२०. कुठलाही साधा व्हेक्टर घेतलास, समज (१००, ०), तर तो (८०, २०) होतो. त्याची लांबीही बदलते आणि दिशाही फिरते. पण या दोन दिशा अशा आहेत की त्यांवरचा व्हेक्टर आपल्या रेषेवरून ढळत नाही, फक्त लांब-आखूड होतो. या दिशांचे व्हेक्टर म्हणजे आयगेनव्हेक्टर, आणि त्यांना ज्या आकड्याने गुणलं जातं तो आकडा म्हणजे आयगेनव्हॅल्यू. ‘आयगेन’ हा जर्मन शब्द, अर्थ ‘स्वतःचं’. हिल्बर्टने १९०४ मध्ये तो या अर्थाने वापरला आणि पुढे तोच रुळला. मॅट्रिक्सच्या स्वतःच्या दिशा, स्वतःचे आकडे. मला हा शब्द फार नेमका वाटतो.

इथे आकडे मीच जुळवून घेतले होते म्हणून तक्त्यावरून अंदाज आला. एखादी अनोळखी मॅट्रिक्स समोर आली तर काय करायचं?

आपल्याला हवं आहे ते असं:

```
A v = λ v

०.८ x + ०.३ y = λ x
०.२ x + ०.७ y = λ y
```

आता इथे खरी अडचण कुठे आहे ते बघ. समीकरणं दोन आणि अज्ञात तीन: x, y आणि λ. शिवाय उजवीकडे λ आणि x यांचा गुणाकार आहे, त्यामुळे बारावीपर्यंत सोडवलेल्या रेषीय समीकरणांची रीत थेट लागू पडत नाही. λ माहीत असता तर x, y लगेच काढले असते. x, y माहीत असते तर λ नुसता भागाकाराने मिळाला असता. दोन्ही माहीत नाहीत. म्हणून x, y काय आहेत ते न विचारता आधी एकट्या λ ला पकडता येईल का, हे बघायचं. कॅरॅक्टरिस्टिक समीकरण याचसाठी आहे.

उजवीकडचं सगळं डावीकडे आण.

```
(०.८ − λ) x +  ०.३ y        = ०
 ०.२ x      + (०.७ − λ) y   = ०
```

पहिल्या समीकरणात λx डावीकडे आला की तो x च्या सहगुणकाला जाऊन मिळतो, y च्या सहगुणकाला तो शिवत नाही. दुसऱ्यात λy आला की तो फक्त y ला मिळतो. म्हणून λ कर्णावरच्या दोन आकड्यांतूनच वजा होतो, चारही आकड्यांतून नाही. पुस्तकात A − λI लिहितात त्यातला I एवढ्याचसाठी आहे. मॅट्रिक्समधून नुसता आकडा वजा करता येत नाही, म्हणून त्या आकड्याला I चा अंगरखा घालून मॅट्रिक्स करायचं. चारही जागी λ वजा करणारे विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात. त्यांना मी एवढंच सांगतो की I विसरा आणि दोन समीकरणं हाताने लिहा, चूक होणारच नाही.

आता या दोन समीकरणांकडे रेषा म्हणून बघ. दोन्हींच्या उजवीकडे शून्य आहे, म्हणजे दोन्ही रेषा आरंभबिंदूतून जातात. त्यामुळे x = ०, y = ० हे उत्तर कायम हजर असतं, λ काहीही असो. पण ते आपल्याला नको आहे. शून्य व्हेक्टरला दिशा नसते, आणि त्याला कुठल्याही आकड्याने गुणलं तरी शून्यच. तो चालवून घेतला तर जगातला प्रत्येक आकडा या मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू ठरेल. म्हणून व्याख्येतच सांगितलेलं असतं की v शून्य नसावा. विद्यार्थी ही अट वाचून पुढे जातात, आणि सगळी गंमत त्या अटीतच आहे.

कारण दोन वेगवेगळ्या रेषा एकाच बिंदूत छेदतात, आणि तो बिंदू इथे आरंभबिंदूने आधीच अडवून ठेवला आहे. मग आरंभबिंदूखेरीज दुसरा एखादा बिंदू दोन्ही रेषांवर असायचा तर एकच वाट उरते: त्या दोन रेषा वेगळ्या नसाव्यातच. एकीवर दुसरी तंतोतंत बसलेली असावी.

दोन रेषा एकच कधी होतात? सहगुणक एकाच प्रमाणात असले की.

```
(०.८ − λ) : ०.३  =  ०.२ : (०.७ − λ)
```

तिरकस गुणाकार केलास की

```
(०.८ − λ)(०.७ − λ) = ०.३ × ०.२
(०.८ − λ)(०.७ − λ) − ०.३ × ०.२ = ०
```

आणि ही दुसरी ओळ म्हणजे A − λI चा डिटर्मिनंट शून्याबरोबर ठेवलेला. यात x नाही, y नाही, एकटा λ उरला आहे. डिटर्मिनंट शून्य घेणं म्हणजे ‘दोन्ही समीकरणं एकच रेषा दाखवोत’ अशी अट घालणं. गुणोत्तराऐवजी डिटर्मिनंट लिहायचा, कारण एखादा सहगुणक शून्य असला तर भागाकार अडतो, तिरकस गुणाकार अडत नाही.

पुस्तकात हेच दुसऱ्या शब्दांत असतं: डिटर्मिनंट शून्य नसेल तर A − λI ला इन्व्हर्स आहे, दोन्ही बाजूंना इन्व्हर्सने गुणलं की v = ० येतं, आणि तो आपल्याला नको आहे. हा युक्तिवाद कितीही मोठ्या मॅट्रिक्सला चालतो, म्हणून पुस्तकं तोच देतात. पण दोन बाय दोनमध्ये रेषा डोळ्यांनी बघता येत असताना त्या न बघता पुढे जाऊ नये, असं माझं मत आहे.

तर बघूनच टाकू. λ हे एक बटण आहे असं समज. ते फिरवलं की दोन्ही रेषा आरंभबिंदूभोवती फिरतात. आधी मुद्दाम चुकीच्या जागी, λ = ०.६ वर ठेवू.

```
०.२ x + ०.३ y = ०
०.२ x + ०.१ y = ०
```

वजाबाकी केली तर ०.२ y = ०, म्हणजे y शून्य, मग x ही शून्य. पहिल्या रेषेचा चढ −२/३ आहे, दुसरीचा −२. कात्रीच्या पात्यांसारख्या दोघी उघड्या. डिटर्मिनंट ०.०२ − ०.०६ = −०.०४, शून्य नाही. आता बटण जरासं मागे, ०.५ वर आण.

```
०.३ x + ०.३ y = ०
०.२ x + ०.२ y = ०
```

दोन्ही म्हणतात y = −x. कात्री मिटली. तुला जे ‘एकसारखं’ आल्यामुळे चुकल्यासारखं वाटतं, ते हे. इथे दोन समीकरणं वेगळी आली असती तरच काहीतरी चुकलं असतं.

कात्री आणखी कुठे मिटते, ते आता बटण न फिरवता वर्गसमीकरणातून मिळेल. कंस सोडव:

```
λ² − १.५ λ + ०.५ = ०
(λ − १)(λ − ०.५) = ०
```

λ = १ आणि λ = ०.५, तक्त्याने दाखवले होते तेच. मधला १.५ म्हणजे कर्णावरच्या आकड्यांची बेरीज, ०.८ + ०.७. शेवटचा ०.५ म्हणजे मूळ A चा डिटर्मिनंट, ०.५६ − ०.०६. कुठल्याही दोन बाय दोन मॅट्रिक्सला हे लागू आहे. वरच्या ओळीत a, b आणि खालच्या ओळीत c, d असतील तर

```
λ² − (a + d) λ + (ad − bc) = ०
```

म्हणून उत्तर आल्यावर ताळा करायला दोन सेकंद पुरतात: दोन आयगेनव्हॅल्यूंची बेरीज कर्णाच्या बेरजेइतकी, गुणाकार डिटर्मिनंटइतका. १ + ०.५ = १.५, १ × ०.५ = ०.५. जमलं. बेरजेच्या आधीचं वजा चिन्ह विसरलं तर दोन्ही उत्तरं उलट्या चिन्हाची येतात. ती चूक या ताळ्यात लगेच सापडते.

आयगेनव्हेक्टर आता सोपे आहेत. λ = १ घातलं की −०.२ x + ०.३ y = ० आणि ०.२ x − ०.३ y = ०. दुसरं म्हणजे पहिल्याचंच चिन्ह बदललेलं. एक ठेव, एक सोड. २x = ३y, म्हणून (३, २). हाच (६०, ४०) आहे, हाच (−३, −२) आहे आणि (१.५, १) सुद्धा हाच. मिळते ती रेषा, आणि तिच्यावरचा शून्य सोडून कुठलाही व्हेक्टर चालतो. तुझं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानाशी जुळलं नाही तर आधी पटीत आहे का ते बघ. आमच्या गणितात एकूण स्कूटर १०० होत्या म्हणून आपण त्या रेषेवरचा (६०, ४०) उचलला, एवढंच. λ = ०.५ साठी (१, −१).

आणि λ घातल्यावर x = ०, y = ० याखेरीज काहीच निघत नसेल, तर आयगेनव्हेक्टर शोधत बसू नकोस. λ चुकला आहे. वर ०.६ ला झालं तसं झालं आहे. मागे जाऊन वर्गसमीकरण तपास.

समीकरण न सोडवता व्हेक्टर मिळवायची एक रीत मला फार आवडते. एका आयगेनव्हॅल्यूसाठी A − λI लिही आणि तिचे कॉलम बघ:

```
A − ०.५ I = [ ०.३  ०.३ ]
            [ ०.२  ०.२ ]
```

कॉलम आहे (०.३, ०.२), म्हणजे (३, २). हा दुसऱ्या, λ = १ च्या आयगेनव्हॅल्यूचा व्हेक्टर आहे. A − I लिहिलीस तर कॉलम (−०.२, ०.२) येतो, म्हणजे ०.५ चा (१, −१). कारण असं की प्रत्येक चौरस मॅट्रिक्स स्वतःचं कॅरॅक्टरिस्टिक समीकरण पाळते. हे केली-हॅमिल्टनचं प्रमेय. केलीने १८५८ च्या आपल्या लेखात ते मांडलं. इथे त्याचा अर्थ (A − I)(A − ०.५ I) = ०. म्हणजे दुसऱ्या कंसातला प्रत्येक कॉलम पहिल्या कंसाने गुणला की शून्य होतो, आणि ‘A − I ने शून्य होणारा’ ही तर λ = १ च्या आयगेनव्हेक्टरचीच ओळख. मात्र दोन आयगेनव्हॅल्यू वेगळ्या असतील तेव्हाच ही रीत वापर.

आता एक चूक जरा सविस्तर सांगतो, कारण ती लपून राहते. शिकवायला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी असंच गणित मी फळ्यावर घातलं आणि घाईत कॉलमऐवजी ओळींत आकडे भरले:

```
[ ०.८  ०.२ ]
[ ०.३  ०.७ ]
```

बेरीज तीच १.५, डिटर्मिनंट तोच ०.५, म्हणून आयगेनव्हॅल्यू त्याच, १ आणि ०.५. ताळा चोख बसला. मग λ = १ साठी −०.२ x + ०.२ y = ०, व्हेक्टर (१, १). ‘म्हणजे दोन्ही स्टँडवर शेवटी निम्मी निम्मी वाहनं राहतील’ असं मी सांगून मोकळाही झालो. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिने वहीत पन्नास-पन्नासने सुरुवात करून एक दिवस पुढे मोजला होता: ०.८ × ५० + ०.३ × ५० = ५५. ‘सर, हे स्थिर राहत नाही.’ ती बरोबर होती. ओळींचे कॉलम केल्याने कॅरॅक्टरिस्टिक समीकरण बदलत नाही, पण आयगेनव्हेक्टर बदलतात. त्यामुळे बेरीज-गुणाकाराचा ताळा ही चूक कधीच पकडणार नाही. ती पकडायची तर आलेला व्हेक्टर गणिताच्या मूळ वाक्यात घालून बघायला हवा. तेव्हापासून मी मॅट्रिक्स मांडण्याआधी x आणि y ची दोन वाक्यं पूर्ण लिहितो, वर लिहिली तशी, आणि तुलाही तेच सांगेन.

अशीच दुसरी चूक म्हणजे आधी A वर ओळींच्या क्रिया करून ती सोपी करणं आणि मग आयगेनव्हॅल्यू काढणं. समीकरणं सोडवायची सवय हाताला असते म्हणून हे आपोआप होतं. पण ओळींच्या क्रियांनी आयगेनव्हॅल्यू बदलतात. आपली A अशा क्रियांनी सरळ I होते, आणि I च्या दोन्ही आयगेनव्हॅल्यू १. आपला ०.५ गेलाच. λ ठरल्यानंतर A − λI वर त्या क्रिया खुशाल कर, तिथे आपण फक्त समीकरणं सोडवत असतो.

राहिलं, वर्गसमीकरणाची उत्तरं नेहमी अशी सुटसुटीत येतील का? विवेचक थोडा आवरून लिहिला तर तो (a − d)² + ४bc होतो. स्कूटरच्या गणितात b आणि c दोन्ही धन आहेत, म्हणून तो धनच राहणार आणि दोन वेगळी वास्तव उत्तरं मिळणारच. b आणि c ची चिन्हं विरुद्ध असली की तो ऋण होऊ शकतो. प्रतल ९० अंशांत फिरवणारी मॅट्रिक्स घे:

```
[ ०  −१ ]
[ १   ० ]
```

समीकरण λ² + १ = ०, वास्तव उत्तर नाही. ते साहजिकच आहे: सगळंच काटकोनात फिरलं तर कुठला व्हेक्टर आपल्या रेषेवर राहणार? λ चं बटण कितीही फिरव, कात्री मिटत नाही. इथे i आणि −i ही काल्पनिक उत्तरं येतात, आणि त्यांचा अर्थ ‘इथे फिरवणं चाललं आहे’ असा वाचायचा.

विवेचक शून्य असला तर आयगेनव्हॅल्यू एकच, दोनदा. तेव्हा घाईने ‘दोन आयगेनव्हेक्टर’ लिहू नकोस. वर १, १ आणि खाली ०, १ अशी मॅट्रिक्स घेतलीस तर λ = १ घातल्यावर y = ० आणि ० = ० उरतं. रेषा एकच, आडवा अक्ष. दुसरी दिशा नाहीच. याउलट I घेतलीस तर दोन्ही समीकरणं ० = ०, म्हणजे अटच नाही आणि प्रत्येक दिशा चालते. दोन्हींचं कॅरॅक्टरिस्टिक समीकरण एकच, (λ − १)² = ०. म्हणून अशा वेळी समीकरणावर न थांबता A − λI मध्ये काय शिल्लक राहतं ते बघावं लागतं.

शेवटी पुन्हा स्टँडवर येऊ, कारण या दोन दिशा हाती आल्या की त्या धंदेवाल्याचे प्रश्न तोंडी सुटतात. सुरुवातीच्या (१००, ०) चे दोन भाग कर: (६०, ४०) आणि (४०, −४०). पहिला भाग रोज तसाच राहतो, दुसरा रोज अर्धा होतो. म्हणून n दिवसांनी पणजीला

```
६० + ४० × (०.५)ⁿ
```

दहाव्या दिवशी दुसरा भाग ४० भागिले १०२४, म्हणजे ०.०४ च्या आसपास. दहा वेळा मॅट्रिक्स गुणायची गरज नाही.

आता समज, त्याला रोज सकाळी दोन्हीकडे ५०-५० स्कूटर हव्या आहेत. (५०, ५०) म्हणजे (६०, ४०) आणि त्यात (−१०, १०). हा फरक संध्याकाळपर्यंत अर्धा होऊन (−५, ५) राहील, म्हणजे पणजीला ५५ आणि म्हापशाला ४५. तेव्हा रोज रात्री पाच स्कूटर टेम्पोत घालून मांडवीच्या पुलावरून म्हापशाला धाडाव्या लागतील. टेम्पो एक रात्र चुकला तर फरक आणखी अर्धा होऊन (−२.५, २.५) उरेल. मग पुढच्या रात्री पाचाऐवजी सरासरी साडेसात न्याव्या लागतील.